नव्या मालाचा पहिला रिपोर्ट: तात्पुरता मापदंड कसा धरावा

समजा, शेंगा चटणीचं नवं छोटं पाकीट सोलापुरातल्या 40 दुकानांत उतरवलंय. पहिल्या आठवड्याचा आकडा मापदंडात घेऊ नका. तो दुकानदारांनी भरलेला माल असतो, गिऱ्हाईकानं नेलेला नव्हे. दर सोमवारी फळीवरची पाकिटं मोजा: आधीची शिल्लक अधिक नवा माल, वजा आजची शिल्लक. ही खरी विक्री. बेरजेला दुकानांच्या संख्येनं भागा, पण ज्यांच्याकडचा माल मध्येच संपला ती दुकानं वगळा. तिथला कमी आकडा मागणीचा नसतो, रिकाम्या फळीचा असतो. नवशिके नेमके इथेच फसतात.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दर दुकानी 9, 7, 8, 14, 8 पाकिटं गेली असं धरू. 14 हा गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा. सरासरी 9.2 येते, म्हणजे पुढचा प्रत्येक साधा आठवडा नापास ठरणार. त्यापेक्षा आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या: 8. यात्रा वगळून पल्ला 7 ते 9.

रिपोर्टात ‘तात्पुरता मापदंड 8, आधार 5 आठवडे, फेरतपासणी बाराव्या आठवड्यात’ असं स्पष्ट लिहा. साहेब टक्केवारीतली वाढ मागतीलच. तुलनेला मागचं वर्षच नाही, तेव्हा तो रकाना रिकामा ठेवा. सलग दोन आठवडे 7 च्या खाली गेले, तरच कारण शोधायला निघा.