सर्वेक्षणाचे निकाल रिपोर्टमध्ये कसे मांडायचे?

"एमएडच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या लायब्ररीच्या वापरावर सर्वेक्षण केलंय. तक्ते, आलेख कसे द्यायचे? गाईड म्हणतात अर्थनिर्वचनात तुझं मत घुसतंय, म्हणजे नक्की काय?"

सगळ्यात आधी प्रत्येक तक्त्याखालचा एकूण आकडा बघा, बहुतेक घोळ तिथेच असतो. समजा तुम्ही 60 फॉर्म वाटले, 52 परत आले आणि "लायब्ररीत किती वेळा जाता" हा प्रश्न दोघांनी रिकामा सोडला, तर त्या तक्त्याची टक्केवारी 50 वर काढायची, 60 वर नाही, आणि ते 50 तक्त्यात दिसलं पाहिजे. असं:

तक्ता 4.3: लायब्ररीत जाण्याचं प्रमाण (एकूण उत्तरं 50)

| उत्तर | संख्या | टक्के |
|---|---|---|
| रोज | 8 | 16 |
| आठवड्यातून एकदा | 14 | 28 |
| महिन्यातून एकदा | 7 | 14 |
| क्वचित किंवा कधीच नाही | 21 | 42 |

खाली एक ओळ टाका की दोघांनी उत्तर दिलं नाही. तक्त्याचं नाव वर, आलेखाचं खाली, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत.

आता अर्थनिर्वचन. "विद्यार्थ्यांना वाचनाची आवड राहिलेली नाही" असं लिहिलंत की मत घुसलं, कारण तुम्ही आवड विचारलीच नव्हती, लायब्ररीत जाणं विचारलं होतं, आणि घरी किंवा मोबाईलवर वाचणारा मुलगाही त्या 21 मध्येच असेल. त्याऐवजी "उत्तर देणाऱ्या 50 पैकी 21 जणांनी (42%) आपण लायब्ररीत क्वचित जातो किंवा कधीच जात नाही असं सांगितलं" एवढंच लिहा. "फक्त", "तब्बल", "चिंताजनक" हे शब्द काढूनच टाका, मी तर शेवटी फाईलमध्ये हे शब्द सर्च करून बघतो.

मुलं-मुली तुलना करणार असाल तर जपून. त्या 21 मध्ये 30 पैकी 12 मुली आणि 20 पैकी 9 मुलगे असतील तर 40% आणि 45% येतात, मग "मुलगे कमी जातात" लिहायचा मोह होतो. पण 20 मुलग्यांमध्ये एक मुलगा म्हणजेच 5%, त्या एकाने दुसरं उत्तर दिलं असतं तर 8 झाले असते आणि फरकच उरला नसता. म्हणून तिथे दोन्ही संख्या द्या आणि फरक एका उत्तराएवढाच आहे असं सरळ लिहा.

आलेख प्रत्येक तक्त्याला नको, तेच आकडे दोनदा छापून पानं वाढतात फक्त. स्तंभालेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू झालीय का ते बघा, एक्सेल कधीकधी स्वतःच 35 वगैरेपासून सुरू करतं आणि मग 45 चा स्तंभ 40 च्या दुप्पट दिसतो. आणि "का जात नाही" सारख्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरं चालत असतील तर वर्तुळालेख अजिबात काढू नका, टक्क्यांची बेरीज 100 च्या वर जाते, तिथे आडवे स्तंभ आणि खाली "एकाहून अधिक उत्तरं शक्य" अशी टीप द्या.