पुरणासाठी डाळ-गुळाचं वजनी प्रमाण
पाव किलो हरभऱ्याच्या डाळीला गूळ किती घ्यावा आणि पोळ्या किती होतील?

गूळही पाव किलोच, डाळ कोरडी असताना तोललेली. शिजवून कट पूर्ण निथळल्यावर डाळ साधारण दुप्पट भरते. गूळ घालून आटवलं की साडेसहाशे-सातशे ग्रॅम पुरण होतं. पोळीला पन्नास ग्रॅम, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा गोळा धरला तर तेरा-चौदा पोळ्या होतात.

गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, घाबरू नका, ढवळत राहा. उलथणं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद करा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. सैल राहिलेलं पुरण लाटताना हमखास बाहेर येतं. गोड जास्त हवं असेल तरी गूळ तीनशे ग्रॅमपुढे नेऊ नका, पोळी तव्याला चिकटते.