लाफिंग गॅस, थिनर आणि दोन मिनिटांची नशा

प्रश्न: लाफिंग गॅस ओढला किंवा थिनर हुंगलं तर एक-दोन मिनिटांत सगळं उतरतं, दुसऱ्या दिवशी डोकंही दुखत नाही. दवाखान्यात डॉक्टरसुद्धा तोच गॅस देतात. मग याला एवढं धोकादायक का म्हणतात?

उत्तर:

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, आणि या गॅसमुळे चालणं बिघडलेली तरुण मुलं तपासते. नशा लवकर उतरते हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण नशा उतरली याचा अर्थ गॅस मेंदूतून बाहेर पडला, एवढाच. आत असताना त्याने जे केलं ते त्याच्यासोबत बाहेर जात नाही. गॅस आणि थिनर यांचा घात करण्याचा मार्ग अगदी वेगळा आहे, म्हणून आधी गॅसचं सांगते.

लाफिंग गॅस म्हणजेच नायट्रस ऑक्साइड रक्तात फारसा विरघळत नाही आणि शरीर त्याचं विघटनही जवळजवळ करत नाही. श्वासातून आला तसा तो श्वासातून निघून जातो, म्हणून नशा इतकी आखूड असते. मात्र तेवढ्या वेळात तो एका ठिकाणी रासायनिक क्रिया करून जातो, ते ठिकाण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. बी-१२च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो आणि सगळं काम त्याच्या जोरावर चालतं. नायट्रस ऑक्साइड या कोबाल्टचं ऑक्सिडेशन करतो. मग रेणू रक्तात दिसतो, पण कामाचा राहत नाही. ज्या एन्झाइमसोबत तो काम करतो, ते मेथिओनिन सिंथेसही त्यात निकामी होतं. ते दुरुस्त होत नाही, शरीराला नवीन बनवावं लागतं आणि त्याला काही दिवस लागतात. भूल देताना वापरतात तितक्या जास्त प्रमाणात गॅस दिला, तर यकृतातल्या या एन्झाइमचं काम सुमारे पाऊण तासात निम्म्यावर येतं, हे शस्त्रक्रियेच्या रुग्णांत मोजलेलं आहे.

आता हिशेब बघा. नशा दोन मिनिटांची, भरपाई काही दिवसांची. ज्याची नशा दोन मिनिटांत उतरते तो लगेच पुन्हा ओढतो, एका बैठकीत कितीतरी वेळा. दारू पिणाऱ्याला उलटी होते, झोप लागते, सकाळी डोकं जड होतं. शरीर कुठेतरी त्याला थांबवतं. इथे तसा इशारा मिळतच नाही. म्हणूनच आखूड नशेला मी सुरक्षितपणाची खूण मानत नाही. माणूस परत परत ओढत राहतो तो तिच्यामुळेच.

बी-१२ काम करेनासं झालं की मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण, वायरीवर प्लास्टिक असतं तसं, नीट राखलं जात नाही. सगळ्यात आधी मार बसतो तो मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागाला. पाय कुठे आहे, जमिनीवर टेकला की नाही, ही खबर तिथून मेंदूकडे जाते.

माझ्याकडे येणारा नेहमीचा रुग्ण कसा असतो ते सांगते. विशीतला मुलगा. तक्रार अशी की तळपायाला मुंग्या येतात, आणि त्या हळूहळू वर चढत गुडघ्यापर्यंत आल्या आहेत. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. तोंडाला साबण लावायला डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जातो, कारण डोळे मिटल्यावर पायांची खबर देणारं कुणी उरत नाही. मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत झटका गेल्यासारखं वाटतं. पायाच्या अंगठ्यावर मी ट्यूनिंग फोर्क वाजवून ठेवते. थरथर जाणवते का विचारलं तर तो म्हणतो, गार काहीतरी लागतंय. म्हणजे स्पर्श कळतो, कंप कळत नाही. पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले की तो झुलतो.

आणि रिपोर्टमध्ये बी-१२ नॉर्मल! इथे भले भले फसतात. रक्ताची नेहमीची तपासणी बी-१२ किती आहे ते सांगते, त्यातलं किती कामाचं आहे ते सांगत नाही. म्हणून अशा वेळी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड मागवावं लागतं. बी-१२चं काम अडलं की ही दोन्ही साचतात. होमोसिस्टीन साधारण १५च्या आत असायला हवं, या मुलांत ते ८०-१०० दिसू शकतं. मानेच्या एमआरआयमध्ये आडवा छेद पाहिला तर मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा पांढरा पट्टा दिसतो. पण एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही असंही नाही, सुरुवातीला तो कोरा असू शकतो. शेवटी निदान होतं ते एका साध्या प्रश्नावर, ‘लाफिंग गॅस घेतोस का?’ हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, आणि मुलाला वाटत असतं की दोन मिनिटांत उतरणाऱ्या गोष्टीचा आणि पायांचा काय संबंध.

उपचार म्हणजे गॅस पूर्ण बंद आणि बी-१२ची इंजेक्शनं, सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, मग हळूहळू अंतर वाढवत. वेळेत आलेले बरेच जण महिन्यांच्या हिशेबाने सुधारतात. उशिरा आलेल्यांत पायांची बधिरता किंवा चालण्यातला अडखळलेपणा मागे राहू शकतो. लघवीवरचा ताबा गेलेला असेल तर तोही परतेलच असं सांगता येत नाही.

काही जण मला विचारतात, गॅससोबत बी-१२च्या गोळ्या घेतल्या तर चालेल ना? मला या समजुतीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. गॅस चालू असेपर्यंत गोळीतून आलेलं नवीन बी-१२ही तसंच निकामी होत राहतं. वर गोळ्यांमुळे रक्तातला आकडा आणखी छान दिसतो आणि निदान लांबतं. बी-१२ न देता नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करणं तर आणखी वाईट, त्याने मज्जातंतूंचं नुकसान वाढू शकतं.

होमोसिस्टीन वाढण्याचा दुसरा परिणाम रक्ताच्या गुठळ्या. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर तरुण वयाकडे पाहून थांबू नका, तेव्हाच रुग्णालय गाठा.

आता डॉक्टर देतात त्याचं. प्रसूतीच्या कळांसाठी वापरतात त्या मिश्रणात निम्मा ऑक्सिजन असतो. दातांच्या दवाखान्यातही गॅस ऑक्सिजनसोबतच, नजरेखाली आणि मर्यादित वेळ मिळतो. निरोगी माणसाच्या शरीरात बी-१२चा साठा भरपूर असतो, त्यामुळे असा एखादा प्रसंग निभावून जातो. तरीही ज्यांचं बी-१२ आधीच कमी होतं अशा काही रुग्णांना एकाच शस्त्रक्रियेतल्या नायट्रस ऑक्साइडनंतर हाच मज्जारज्जूचा आजार झाल्याची नोंद आहे. आहारातून कमी मिळणं, पोटात नीट शोषण न होणं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणं, अशा कारणांनी बी-१२ कमी असलेले लोक थोडेथोडके नाहीत, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. १९७८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या गॅसने मज्जातंतू बिघडलेल्या १५ रुग्णांचा अहवाल आला होता, त्यातले १४ दंतवैद्य होते. हा गॅस कसा द्यायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी वारंवार संपर्कात आल्यावर त्यांचेही हातपाय बधिर झाले.

गॅसने तडकाफडकी मृत्यूही होतो, त्याचं कारण ऑक्सिजनची कमतरता. शुद्ध गॅसने भरलेल्या फुप्फुसात ऑक्सिजनला जागा उरत नाही. त्यात तोंडावर काही बांधलेलं किंवा पिशवी असेल, तर शुद्ध हरपल्यावर ते काढायलाही कुणी नसतं. गळती झालेला गॅस इतका गार असतो की ओठ आणि मांडीची कातडी जळते, आणि गुंगीत ते जाणवतही नाही.

थिनर, गम, लायटरचा गॅस, डिओडरंटचे फवारे यांचं गणित वेगळं आहे. इथे हळूहळू साचण्याची वाट पाहावी लागत नाही. ही रसायनं, विशेषतः लायटरमधल्या ब्यूटेनसारखे वायू आणि थिनरमधलं टोल्यूइन, हृदयाच्या स्नायूला ॲड्रेनालिनबाबत कमालीचं संवेदनशील करून सोडतात. घाबरलो, दचकलो, पळालो की आपल्या शरीरात ॲड्रेनालिन उसळतं. एरवी त्याने फक्त धडधड वाढते. हुंगणाऱ्याच्या हृदयात मात्र ठोक्यांची लय कोसळू शकते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. बॅस नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० साली अशा ११० तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अहवाल मांडला. हे पहिल्याच वेळीही होऊ शकतं, आणि आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं.

नेहमी हुंगणाऱ्यांत टोल्यूइन मूत्रपिंडांतून पोटॅशियम वाहून नेतं. मग एखाद्या सकाळी अंथरुणातून उठता येत नाही इतके हातपाय लुळे पडतात. वर्षानुवर्षं चाललं तर मेंदूतला पांढरा भाग झडतो. स्मरणशक्ती, बोलणं, चालणं सगळंच मंदावतं, आणि ते फारसं परत मिळत नाही.

म्हणून कुणी हुंगताना दिसलं तर ओरडू नका, हिसकावून घेऊ नका, त्याच्यामागे धावू तर अजिबात नका. तो घाबरून पळाला तर नेमकं हृदय बंद पडण्याचं निमित्त मिळतं. शांत आवाजात बोला, दारं-खिडक्या उघडा, त्याला बसवून ठेवा आणि धावपळ करू देऊ नका. जवळपास आग नको, ही सगळी रसायनं पेट घेतात. शुद्ध गेली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाबत राहा, आणि कुठे डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर दुसऱ्याला ते आणायला पाठवा.

तुम्ही स्वतः गॅस घेत असाल आणि पायांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणं सुरू झालं असेल, तर आजपासून गॅस बंद करून याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला भेटा. पहिल्याच वाक्यात सांगा की नायट्रस ऑक्साइड घेतो, शेवटचा कधी घेतला आणि बी-१२च्या गोळ्या खाता का. रक्त तपासायला देताना होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड लिहिलंय ना, हे विचारून घ्या.