पथनाट्यातली ‘दहा दिवस’वाली ओळ आधी काढा

प्रश्न : “सोसायटीच्या कार्यक्रमासाठी रेबीज आणि कुत्रा चावणे या विषयावर १५ मिनिटांचं पथनाट्य लिहिलंय. हळद-तिखटाच्या गैरसमजांवर विनोदी प्रसंग आहेत, शेवटी ‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा’ असं गाणं आहे. स्क्रिप्टमध्ये अजून काय घालू?”

घालण्याआधी ते गाणं काढा. तुमचं वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण चार वर्षांपूर्वी आमच्या पथनाट्यातही शेवटी हेच होतं. डफावर, टाळ्यांच्या ठेक्यात: “ठेवा नजर, ठेवा नजर, दहा दिवस कुत्र्यावर!” लगेच लस घ्या, हे आमच्याकडेही होतंच, पण ते डॉक्टर झालेल्या काकांच्या तोंडी साध्या वाक्यात. गायलेलं लोकांच्या डोक्यात बसलं, बोललेलं उडून गेलं. पोरं महिनाभर लिफ्टमध्ये तेच गात होती आणि आम्ही खूश.

मग आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनला गेटजवळचं एक पिल्लू पोटरीला चावलं. थोडं रक्त आलं. त्याने काय केलं, तर पिल्लाला सुतळीने केबिनच्या पायाशी बांधलं, रोज पार्ले बिस्किटं घातली आणि भिंतीवर दर सकाळी खडूची एक रेघ ओढली. सहावी रेघ आमच्या त्या डॉक्टर झालेल्या काकांनाच दिसली. विचारलं तर म्हणाला, “साहेब, तुम्हीच तर सांगितलंत ना, दहा दिवस बघा म्हणून.”

त्याला घेऊन आम्ही ज्या दवाखान्यात गेलो, तिथे केसपेपरच्या खिडकीतूनच प्रश्न आला, “कुत्रा जिवंत आहे ना? मग दहा दिवसांनी या.” म्हणजे आमचंच गाणं, सरकारी चालीत! दुसरीकडे लस मिळाली, पण रक्त आलेलं असल्याने सीरमही, म्हणजे जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडंही, हवं होतं आणि ते तिथे नव्हतं. तिसरीकडे संध्याकाळी साडेसहाला मिळालं. त्याची पाळी बुडाली, एजन्सीने पगार कापला, तो आम्ही भरून दिला. माणूस ठणठणीत आहे, पिल्लूही. पण त्या सहा रेघा मला अजून दिसतात.

दहा दिवस ही भानगड मुळात काय आहे, ते स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला नीट कळलं पाहिजे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसायच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. मग डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. दहा दिवसांचा उपयोग एवढाच. लस थांबवायची की नाही, हे त्यावरून ठरतं. सुरू तर पहिल्याच दिवशी करायची. कुत्रा भटका असला आणि सापडलाच नाही, तर हा हिशोबही नाही, सगळे डोस घ्यायचे.

आम्ही नंतर हे दोन पाट्यांनी दाखवलं. एका मुलीच्या गळ्यात ‘माणूस’, दुसऱ्याच्या गळ्यात ‘कुत्रा’. चावल्याबरोबर दोघं एकदमच रिंगणात धावायला लागतात. माणूस ०, ३, ७, २८ असे आकडे ओरडतो (त्वचेत देतात त्या लसीचे दिवस, दंडात दिली तर १४ वा दिवसही येतो). कुत्रा एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजतो. मध्येच एक जण माणसाला अडवतो:

“थांब रे, आधी कुत्र्याचं दहा होऊ दे!”
“तो मोजेल त्याचं. माझा पहिला आकडा शून्य आहे. शून्य म्हणजे आज!”

हे ‘शून्य म्हणजे आज’ आम्ही डफावर घेतलं. गाणं ठेवायचंच असेल तर त्याचं करा. उशीर झालेल्यांसाठीही एक वाक्य ठेवा: लक्षणं दिसायच्या आत कधीही आलात तरी लस घ्यायची, “आता काय उपयोग” म्हणायचं नाही. विषाणू नसांमधून मेंदूकडे जातो आणि त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. एकदा लक्षणं आली की मात्र हातात काही राहत नाही.

हळद-तिखटाच्या विनोदाबद्दलही माझं जरा वाकडं मत आहे. प्रेक्षक हसतात आणि तिखटाचा डबाच लक्षात ठेवतात. खरी गोष्ट कंटाळवाणी आहे: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नसतं. मिनिटभर धुऊन माणूस म्हणतो, झालं. मग आम्ही काय केलं, तर पहिल्या मिनिटाला कुत्रा चावतो आणि चावलेला मुलगा पार्किंगच्या नळाखाली पाय धरून बसतो. उरलेलं सगळं नाटक त्याच्याभोवती घडतं. हळदवाली येते, चुनावाला येतो, “पिल्लू आहे, त्याला कसला रेबीज” म्हणणारी येते, “आमच्या टॉमीला लस दिलीय, तुला नको” म्हणणारा येतो. मुलगा प्रत्येकाला म्हणतो, “धुतोय अजून.” शेवटच्या मिनिटाला नळ बंद. नाटकाची लांबी म्हणजेच धुण्याची लांबी. कमिटीने पाणी वाया जातंय म्हणून कुरकुर केली, मग खाली टब ठेवला आणि ते पाणी झाडांना घातलं. धुऊन झाल्यावर घट्ट पट्टी बांधताना दाखवू नका, टाके तर शक्यतो घालतच नाहीत.

अजून एक, पिसाळलेला कुत्रा पाणी पाहून पळतो असं दाखवू नका. पाण्याची ती भीती माणसाच्या रोगातलं लक्षण आहे. कुत्रा पाण्याकडे जाऊ शकतो, आणि कधी तर अंगावर न येता कोपऱ्यात गप्प पडून राहतो, जबडा लोंबतो. लोक फेस आणि भुंकणं शोधत बसतात आणि अशा गप्प कुत्र्याच्या तोंडात हात घालतात.

प्रयोग क्लबहाऊसमध्ये करू नका. तिथे येतात ते फ्लॅटवाले, ज्यांच्याकडे गाडी आहे आणि फॅमिली डॉक्टर आहे. चावा बसतो वॉचमन, कामवाल्या मावशी आणि पार्सलवाल्या पोरांना. गेटजवळ, पाळी बदलते त्या वेळी करा. आणि कुत्र्यांना खायला घालायचं की नाही, हा वाद नाटकात आणलात तर रेबीज बाजूला राहील आणि सेक्रेटरी विरुद्ध तिसरा मजला सुरू होईल. आमच्याकडे झालंय.

मी डॉक्टर नाही, चार प्रयोग केलेला माणूस आहे. डोसचे आकडे आणि सीरमचं वाक्य एखाद्या डॉक्टरला दाखवूनच पक्कं करा. आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात सीरम खरोखर मिळतं, ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारा. फोनवर सगळे हो म्हणतात.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांसाठी मात्र स्क्रिप्टमध्ये थोडी जागा मोकळी सोडा. कुणीतरी आजोबा हमखास ओरडतात. आमच्याकडे एकांनी “मी घेतलीयत!” म्हणत सदराच वर केला होता. मुलाने नळाखालूनच उत्तर दिलं, “आजोबा, ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली, आता दंडात देतात,” आणि पाय धुणं चालू ठेवलं.