आईला ‘कुणालाच नको’ हे सांगताना

‘माझी आयव्हीएफची ट्रीटमेंट सुरू आहे. आईला विश्वासाने सांगितलं, तर मामीचा फोन आला, मावशीने व्रत सुचवलं, आणि एका लग्नात काकूंनी चारचौघींत विचारलं, "या वेळी तरी दिवस राहिले का गं?" आईला दोनदा म्हटलं, जरा जपून सांगत जा. तिला वाईट वाटेल म्हणून पुढे बोलवत नाही. कसं सांगू?’

हा प्रश्न घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली. ‘जरा जपून’ हे तिच्या आईने पाळलंच होतं, स्वतःच्या हिशेबाने. शेजारच्या वहिनींना तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. मामी आणि मावशी तिच्या लेखी घरातल्याच. मोघम विनंतीचा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीने लावतो, म्हणून आम्ही सुरुवात यादीपासून केली. नेमकं काय सांगायचं नाही? ट्रीटमेंट चालू आहे हे, इंजेक्शनं, तारखा, रिपोर्ट आणि खर्च. कुणाला नाही? मामा-मामी, काका-काकू आणि फॅमिली ग्रुप, म्हणजे कुणालाच नाही.

मग मी तिला विचारलं, आई हे सांगते तेव्हा तिला काय मिळतं? ती जरा चिडलीच. पण वडील या विषयावर बोलत नाहीत, आणि लेकीची काळजी सांगलीतल्या त्या घरात आई एकटीच वाहते, हे तिच्याच तोंडून आलं. अशा माणसाचं बोलणं पूर्ण बंद केलं, की ते दुसरीकडून वाट काढतं. म्हणून एक जागा मोकळी ठेवायची ठरली. आईने फक्त धाकट्या मावशीशी बोलावं, आणि मावशीला हे आधी लेकीनेच सांगावं. हा निर्णय प्रत्येक घरात चालेल असं नाही. मावशी पोटात ठेवणारी होती म्हणून चालला.

बोलणं फोनवर नको, समोरासमोर आणि दोघीच असताना, असं मी सुचवलं. लग्नातला प्रसंग नुकताच घडलेला, त्या रागात तर अजिबातच नको. वाक्यं आम्ही मोठ्याने म्हणून पाहिली. पहिल्या खेपेला ती इतकी गोल गोल बोलली, की मागणी काय आहे ते मलाही कळेना. शेवटी उरलं ते एवढं: ‘आई, तुला काळजी वाटते म्हणून तू बोलतेस, हे मला कळतं. पण माझ्या ट्रीटमेंटबद्दल मावशी सोडून कुणालाही काही सांगू नकोस. कुणी विचारलं तर म्हण, "त्यांचं ते दोघं बघतायत, मी विचारत नाही."’

हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. आपल्याकडे ‘सांगणार नाही’ म्हणणं मोठ्या वहिनीसमोर उद्धटपणाचं वाटतं. तयार उत्तर हाताशी नसलं, की आई अडखळते आणि खरं सांगून मोकळी होते.

आई दुखावली. ‘म्हणजे आता मी परकी झाले का?’ असं म्हणाली. इथे बहुतेक मुली विरघळतात आणि ‘तसं नाही गं, जवळच्यांना सांगितलंस तर चालेल’ म्हणून सगळं पाण्यात घालवतात. हिने आईचा हात धरला, ‘परकी असतीस तर तुला सांगितलंच नसतं’ म्हणाली, आणि मागणी पुन्हा त्याच शब्दांत मांडली. आधी कुणाकुणाला सांगितलंस, याची झडती तिने घेतली नाही. तेवढ्याने भांडण पेटलं असतं, आणि गेलेली गोष्ट परत येत नाहीच.

काही दिवसांनी मामीचा पुन्हा फोन. असं होतंच, सवय एका बैठकीत जात नाही. त्यात गर्भ गर्भाशयात सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी रक्त तपासेपर्यंत काहीच कळत नाही, आणि त्या दिवसांत प्रत्येक ‘काय झालं?’ टोचतं. तिने मामीला ‘सांगण्यासारखं असेल तेव्हा मीच फोन करेन’ एवढंच उत्तर दिलं. त्याच संध्याकाळी आईला म्हणाली, ‘मामीला कळलंय. आपलं ठरलं होतं ना? म्हणून यापुढच्या तारखा तुला सांगत नाही. निकाल आला की पहिला फोन तुलाच.’ आवाज चढला नाही, आणि रोजचा फोनही थांबला नाही. हे दुसरं मी आग्रहाने सांगते, कारण अबोला धरला की आईला शिक्षेपलीकडे काही ऐकू येत नाही.

जिथे नातेवाईक मुद्दाम खाली पाहायला लावण्यासाठी बोलतात, तिथे एवढं समजावणं पुरत नाही. तिथे माहिती देणंच थांबवावं लागतं.

हिच्या आईने पुढच्या भेटीत आपणहून सांगितलं, ‘तारीख मला कळवूच नकोस. माझ्या पोटात राहत नाही, आणि मग मामी बरोबर काढून घेते.’