तंतूंशी ३० अंशांत ओढलेल्या थराचा कडकपणा एवढा का घटतो?

प्रश्न: सगळे तंतू एकाच दिशेला असलेल्या कार्बन–इपॉक्सीच्या पत्र्यातून मी ३० अंशांत नमुना कापला. रुंदी २५ मिमी, दोन ग्रिपमधले अंतर १५० मिमी. तक्त्याप्रमाणे तंतूंच्या दिशेचा कडकपणा E₁ = १८१, आडवा E₂ = १०.३, शिअरचा G₁₂ = ७.१७ गिगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर ν₁₂ = ०.२८. cos² आणि sin² ने सरासरी काढली तर १३८ गिगापास्कल येतात, मशीनवर मात्र ३१ आले, आणि १०८ मेगापास्कलला नमुना तुटला. तंतूंच्या दिशेची ताकद तर १५०० आहे. मशीन चुकतंय की मी? तंतूंच्या दिशेचा आणि आडवा स्ट्रेस कसा काढायचा?

उत्तर:

मशीनचा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे. चुकली आहे ती सरासरीची पद्धत. तुमच्याच चार स्थिरांकांवरून नेमका हिशेब केला तर २८.८ गिगापास्कल येतात, आणि ३१ पर्यंतचा उरलेला फरक ग्रिपमुळे पडतो. मी पुण्यात भोसरीला याच प्रकारच्या पत्र्यांचे काम करतो. ३० अंशांच्या नमुन्याचा आकडा पाहून नवीन मुले हटकून मशीनवर शंका घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा नमुना टेबलावर ठेवून त्यातला एकच तंतू बोटाने धरत जा. एका कडेपाशी सुरू झालेला तंतू २५ मिमी रुंदी ओलांडून दुसऱ्या कडेला पोहोचेपर्यंत नमुन्याच्या लांबीत फक्त ४३ मिमी पुढे सरकतो, आणि तिथे तो कापलेला असतो. ग्रिपमधले अंतर १५० मिमी आहे. म्हणजे दोन्ही ग्रिपमध्ये धरलेला असा एकही तंतू तुमच्या नमुन्यात नाही. एका टोकाचा भार दुसऱ्या टोकाला पोहोचायचा तर त्याला तंतूंमधल्या रेझिनमधून वाटेत अनेकदा जावेच लागते, आणि रेझिन तिथे ओढले जाते त्याहून कितीतरी जास्त घसरते.

आता स्ट्रेस. लांबीच्या दिशेने σ एवढा स्ट्रेस असेल, तर तंतूंच्या दिशेला १ आणि आडव्या दिशेला २ म्हणून, तंतूंचा लांबीशी कोन θ आणि तंतूंलगत घसरवणारा शिअर स्ट्रेस τ12 धरून असे लिहायचे:

```
σ1  =  σ cos²θ
σ2  =  σ sin²θ
τ12 = -σ sinθ cosθ
```

इथे cos किंवा sin दोनदा येण्याचे कारण साधे आहे: एकदा बलाचा त्या दिशेतला भाग घेण्यासाठी, आणि एकदा तिरप्या कापाचे क्षेत्रफळ वाढते म्हणून. यात E₁ नाही, E₂ नाही, कोणताच स्थिरांक नाही. हा निव्वळ समतोलाचा हिशेब आहे, त्यामुळे नमुना कार्बनचा असो की काचतंतूंचा, भार समान पसरलेला असेल तोवर हेच आकडे येतात. १०० मेगापास्कल लावले तर तुमच्या नमुन्यात तंतूंच्या दिशेने ७५, आडवा २५ आणि शिअर ४३.३ मेगापास्कल. शिअरचे ऋण चिन्ह केवळ अक्षांच्या निवडीमुळे येते.

स्थिरांकांचे काम यानंतर सुरू होते, कारण हे तीन स्ट्रेस तीन अगदी वेगवेगळ्या कडकपणांना तोंड देतात. तंतूंच्या दिशेने ७५ मेगापास्कल लागूनही, आडव्या स्ट्रेसमुळे होणारे आकुंचन वजा करता, ताणण ३७६ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत ३७६ भाग, एवढेच होते. आडवा २५ मेगापास्कलच आहे, पण समोर फक्त १०.३ गिगापास्कल असल्यामुळे २३११ मायक्रोस्ट्रेन होतात. शिअरचे ४३.३ मेगापास्कल ७.१७ गिगापास्कलवर पडतात आणि ६०३९ मायक्रोस्ट्रेन देतात. हे तिन्ही पुन्हा लांबीच्या दिशेत वळवून घेतले, की तंतूंच्या ताणण्यातून २८२, आडव्या फाकण्यातून ५७८ आणि शिअरमधून २६१५ अशी बेरीज ३४७५ मायक्रोस्ट्रेन होते. १०० मेगापास्कलला ३४७५ मायक्रोस्ट्रेन म्हणजेच २८.८ गिगापास्कल. तीन भागांचा हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. नमुना जितका लांबला, त्यातला तीन-चतुर्थांश वाटा एकट्या शिअरचा आहे आणि तंतूंचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास. लांबीच्या दिशेचा कडकपणा Ex म्हटला, तर एका सूत्रात हेच असे लिहितात:

```
1/Ex = cos⁴θ/E1 + sin⁴θ/E2 + (1/G12 - 2ν12/E1) sin²θ cos²θ
```

तुमच्या सरासरीत G₁₂ कुठेच नव्हता. तिरप्या थराचा कडकपणा सांगणाऱ्या कोणत्याही हिशेबात G₁₂ दिसला नाही, तर तो हिशेब तिथेच थांबवावा. ३० अंशांत याचे वजन किती आहे ते पाहा: उद्या तुम्ही दुप्पट कडक तंतू वापरून E₁ थेट ३६२ केला आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर २८.८ चे जेमतेम २९.९ होतात, त्याऐवजी G₁₂ फक्त १० टक्क्यांनी वाढला तर ३०.९ होतात. महागडे तंतू इथे जवळपास वाया जातात. ही घसरण फार लवकर सुरू होते, हेही लक्षात असू द्या. या पदार्थात ५ अंशांनाच १८१ चे १५४ होतात, १० अंशांना १०८ उरतात आणि ४५ अंशांना १६.७.

आता २८.८ आणि ३१ यांच्यातला फरक. तिरपा थर ओढला की तो नुसता लांबत नाही, आयताचा समांतरभुज चौकोन होऊ पाहतो. तुमच्या थरात १०० मेगापास्कलला हा शिअर स्ट्रेन सुमारे ४७०० मायक्रोस्ट्रेन येतो, म्हणजे लांबण्यापेक्षाही जास्त. ग्रिप मात्र दोन्ही टोके सरळ धरून ठेवते, त्यामुळे नमुना बाजूला सरकू न शकल्याने इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, त्यात जास्तीचे शिअर आणि वाक निर्माण होतात आणि मशीनला तो असतो त्यापेक्षा कडक वाटतो. पगानो आणि हाल्पिन यांनी १९६८ मध्ये याचे गणित मांडले. त्यांच्या सूत्रात लांबी-रुंदीचे तुमचे ६ हे गुणोत्तर घातले की दिसणारा मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, ३०.९ येतो, तुमच्या ३१ ला अगदी लागून. रुंदी तीच ठेवून ग्रिपमधले अंतर ३०० मिमी केले तर तोच २९.३ वर उतरेल. उलट हा शिअर पूर्णपणे रोखला, तर आकडा ६४.८ पर्यंत चढतो. +३० आणि −३० अंशांचे थर समान संख्येने, सममित रचनेत एकमेकांना चिकटवले तरी हेच ६४.८ मिळतात, कारण तिथे प्रत्येक थर शेजारच्याला तिरपे होऊ देत नाही. एकट्या थराचा आकडा लॅमिनेटला किंवा लॅमिनेटचा एकट्या थराला लावला, तर सव्वादोन पटीची चूक होते.

तुटण्याचा प्रश्नही याच तीन स्ट्रेसवरून सुटतो. १५०० मेगापास्कल ही तंतूंच्या दिशेची ताकद आहे. अशा कार्बन–इपॉक्सीसाठी आडवी ताकद सुमारे ४० आणि शिअरची सुमारे ६८ मेगापास्कल धरतात. प्रत्येकीचा वेगळा विचार केला, तर तंतू तुटायला २००० मेगापास्कल लावावे लागतील, आडवे फाटायला १६० आणि शिअरने सुटायला १५७. शेवटचे दोन आकडे ३० अंशांना जवळपास एकत्र येतात, आणि एकाच रेझिनवर दोन्ही मारा एकदम होत असताना ते १५७ पर्यंत टिकेल असे मानणे धोक्याचे आहे. दोघांचा एकत्रित परिणाम धरणारा त्साय–हिल निकष इथे ११२ मेगापास्कल देतो. तुमचे १०८ त्याच्या जरासेच खाली आहेत, आणि ग्रिपजवळच्या वाकण्यामुळे तिथे वाढलेला स्ट्रेस पाहता त्यात मला काहीच वावगे वाटत नाही. हाच नमुना दाबला असता तर आडवा स्ट्रेस दाबाचा झाला असता, आणि आडव्या दाबाला हा पदार्थ आडव्या ताणाच्या कितीतरी पट टिकतो. त्यामुळे आडव्या स्ट्रेसचे चिन्ह कधी सोडू नका.

तुमच्याकडे तुटलेला नमुना असेलच, तर दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे खरा कोन. अशा नमुन्याची भेग तंतूंच्या बाजूने सरळ जाते, तेव्हा तिची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची धाव नमुन्याच्या लांबीत मोजा. ४३.३ मिमी भरली तर कोन ३० अंश आहे, ४१.६ भरली तर ३१ अंश, आणि मग गणिती मॉड्युलस २८.८ ऐवजी २७.५ धरावा लागेल. कापताना पत्र्याची कड तंतूंना समांतर आहे असे गृहीत धरले जाते आणि एखादा अंश तिथेच जातो. दुसरी गोष्ट म्हणजे आलेखाचा कोणता भाग घेतला. इपॉक्सीचा शिअरमधला आलेख लवकर वाकू लागतो, आणि १०० मेगापास्कलला तुमच्या थरात तंतूंलगतचा शिअर स्ट्रेन ६००० मायक्रोस्ट्रेनच्या पुढे गेलेला असतो, म्हणून मॉड्युलस सुरुवातीच्या सरळ भागातूनच काढा. वरचे स्ट्रेनचे आकडे सरळ रेषेच्या गृहीतकावर आहेत, तुटण्याच्या जवळ प्रत्यक्षात ते याहून मोठे असतात.

पुढचा नमुना कराल तेव्हा मध्यभागी एकाऐवजी तीन दिशांचा स्ट्रेन गेज लावा. सुरुवातीच्या भागात नमुना तिरपा होण्याचा शिअर स्ट्रेन हा लांबीच्या स्ट्रेनच्या १.३५ पट यायला हवा. तो स्पष्टपणे कमी आला, तर ग्रिप नमुन्याला तिरपे होऊ देत नाही, आणि तुम्ही मोजताय तो निव्वळ थराचा मॉड्युलस नव्हे. लांब नमुना बसवायला मशीनमध्ये जागा नसेल, तर टोकांचे टॅब चौकोनी न लावता त्यांची आतली कड तिरपी ठेवतात. तुमच्या थरासाठी ही कड नमुन्याच्या लांबीशी सुमारे ३६.५ अंशांत, तंतू ज्या बाजूला झुकले आहेत त्याच बाजूला झुकलेली हवी, कारण त्या रेषेवरचे सगळे बिंदू लांबीच्या दिशेने सारखेच सरकतात आणि ग्रिपला अडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. कोन दुसऱ्या बाजूला झुकवला तर परिणाम उलटा होतो, म्हणून टॅब चिकटवण्याआधी तंतूंची दिशा नमुन्यावर पेनाने आखून घ्या.