एअर टू ओपन व्हॉल्व्ह बसवल्यावर कंट्रोलर डायरेक्ट ठेवायचा की रिव्हर्स?

प्रश्न: ऑइल हीटरच्या स्टीम लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह आधी एअर टू क्लोज होता, शटडाऊनमध्ये एअर टू ओपन बसवला. आता ऑटोला टाकला की कधी पूर्ण उघडतो आणि तापमान चढत जातं, कधी पूर्ण बंद होऊन बसतो. ट्यूनिंग बिघडलंय की कंट्रोलर डायरेक्ट-रिव्हर्स बदलायला हवा?

उत्तर: ट्यूनिंगला सध्या हात लावू नका. लूप मॅन्युअलला घ्या आणि कंट्रोलरची ॲक्शन रिव्हर्स करा. तुमच्या वर्णनावरून ती जुन्या व्हॉल्व्हसाठी लावलेली, म्हणजे डायरेक्टच राहिलेली दिसते.

ट्यूनिंग बिघडलं की तापमान सेटपॉइंटच्या वर-खाली हेलकावे खातं. ॲक्शन उलटी असली की हेलकावे नसतात, आउटपुट एकाच दिशेने पळतं आणि 0 किंवा 100 टक्क्यांवर जाऊन चिकटतं. ऑटोला टाकताना तापमान सेटपॉइंटपेक्षा जरा वर असेल तर तुमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडणार, जरा खाली असेल तर पूर्ण बंद होणार. तुम्हाला दोन्ही प्रकार दिसतात ते यामुळेच.

आकड्यांत बघू. समजा सेटपॉइंट 80 अंश, ट्रान्समीटरची रेंज 0 ते 100 अंश, कंट्रोलरचा गेन 2, आणि 45 टक्के आउटपुटला तापमान 80 वर स्थिर आहे. आता तापमान 83 झालं. फरक रेंजच्या 3 टक्के, गेनने गुणून 6 टक्के. रिव्हर्स ॲक्शनमध्ये मोजलेलं तापमान वाढलं की आउटपुट कमी होतं, म्हणून ते 39 वर येईल. सिग्नल 11.2 मिलिॲम्पियरवरून 10.24 वर उतरेल, डायफ्रामवरची हवा कमी होईल, स्प्रिंग प्लगला सीटकडे ढकलेल, स्टीम कमी होईल आणि तापमान परत येईल. डायरेक्टमध्ये तेच आउटपुट 51 होतं. व्हॉल्व्ह आणखी उघडतो, तापमान आणखी वाढतं, आउटपुट आणखी वाढतं. इंटिग्रल भर घालत राहतो, त्यामुळे लूप मधे कुठे थांबत नाही.

व्हॉल्व्ह बदलला ते बरोबरच केलंत. एअर टू ओपन की एअर टू क्लोज हे कंट्रोलरच्या सोयीने ठरवायचं नसतं. इन्स्ट्रुमेंट एअर गेली तर व्हॉल्व्ह कुठे जाऊन थांबावा, या एकाच प्रश्नाचं ते उत्तर असतं. हीटरची स्टीम बंद झालेली बरी, म्हणून हवेने उघडणारा आणि स्प्रिंगने बंद होणारा, म्हणजे फेल क्लोज. उष्णता सोडणाऱ्या रिॲक्टरच्या जॅकेटला मात्र हवा गेल्यावरही पाणी चालू राहायला हवं, तिथे एअर टू क्लोज, म्हणजे फेल ओपन. आधी हे ठरतं, कंट्रोलरची ॲक्शन त्यामागून येते.

म्हणून ‘हीटिंगला रिव्हर्स, कूलिंगला डायरेक्ट’ हे पाठ केलेलं सूत्र मला धोक्याचं वाटतं. ते व्हॉल्व्ह एअर टू ओपन धरून केलेलं आहे. त्याच जॅकेटचं बघा: तापमान वाढलं की पाणी वाढायला हवं, व्हॉल्व्ह उघडायला हवा, एअर टू क्लोज असल्याने त्यासाठी हवा कमी व्हायला हवी, म्हणजे आउटपुट कमी. कूलिंग असूनही कंट्रोलर रिव्हर्स. मधे कुठे सिग्नल उलटवलेला नसेल तर तुमचा जुना व्हॉल्व्ह असाच उलट्या बाजूने सूत्राबाहेर होता: हीटिंग असून डायरेक्ट.

खरी गडबड होते ती सिग्नल मधेच कुठेतरी उलटवलेला असल्यामुळे. ही शक्यता तपासल्याशिवाय ऑटोला जाऊ नका. डीसीएसच्या ॲनालॉग आउटपुट ब्लॉकमध्ये `Increase to Close` असा पर्याय असतो. एअर टू क्लोज व्हॉल्व्हला तो लावतात, म्हणजे ऑपरेटरला पडद्यावर 100 टक्के म्हणजे पूर्ण उघडा असंच दिसतं. तो लावलेला असेल तर कंट्रोलरच्या दृष्टीने व्हॉल्व्ह एअर टू ओपनसारखाच वागतो. तुमच्याकडे जुन्या व्हॉल्व्हसाठी तो लावला होता आणि तसाच राहिला असेल, तर तो आधी काढा. तसं असेल तर कंट्रोलर बहुधा आधीपासूनच रिव्हर्स असेल, आणि मग ॲक्शनला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम बदलले तर पुन्हा उलटंच होईल.

ॲक्च्युएटरच्या नेमप्लेटवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलेलं असतं, त्याचा कंट्रोलरशी संबंध नाही. हवेने स्टेम बाहेर ढकलला जातो की आत ओढला जातो, एवढंच ते सांगतं. स्टेम खाली गेल्यावर बंद होणाऱ्या नेहमीच्या ग्लोब व्हॉल्व्हवर हवेची नळी डायफ्रामच्या खालच्या झाकणाला असेल तर एअर टू ओपन, वरच्या झाकणाला असेल तर एअर टू क्लोज.

काय कुठे उलटवलंय याचा हिशेब जुळत नसेल तर एका चाचणीत निकाल लागतो. ऑपरेटरला सांगून, हाय टेंपरेचर ट्रिप चालू ठेवून, लूप मॅन्युअलमध्ये स्थिर होऊ द्या. आउटपुट 45 चं 50 करा. एकाने व्हॉल्व्हपाशी उभं राहून स्टेमचा पॉइंटर कुठे सरकतो ते बघायचं, दुसऱ्याने तापमानाचा ट्रेंड. आउटपुट वाढवल्यावर तापमान वाढलं तर कंट्रोलर रिव्हर्स, कमी झालं तर डायरेक्ट. ॲक्च्युएटर, पोझिशनर, डीसीएस, प्रोसेस, सगळ्यांची बेरीज या एका उत्तरात येते. फक्त प्रोसेसला पुरता वेळ द्या. बॉयलर ड्रममध्ये फीडवॉटर वाढवलं की लेव्हल आधी थोडी खाली जाते आणि मग चढते. पहिल्या हालचालीवर निर्णय घेतला तर तिथे हमखास चुकतो.

सेटिंगचं नावही उत्पादकागणिक बदलतं. कुठे `SP-PV` म्हणजे रिव्हर्स आणि `PV-SP` म्हणजे डायरेक्ट, कुठे `Invert control logic` अशी खूण. पर्यायाच्या नावावर विसंबू नका. लूप मॅन्युअलमध्ये असतानाच बदल करा, तापमान सेटपॉइंटच्या जवळ आणून ऑटोला टाका, आणि पहिली हालचाल योग्य दिशेने होतेय ना ते बघेपर्यंत बोट मॅन्युअलच्या बटणावरच ठेवा.

एक पळवाट कुणी सुचवली तरी घेऊ नका: कंट्रोलर तसाच ठेवून पोझिशनर उलटवायचा. लूप चालेल, पण पोझिशनर उलटवल्याने स्प्रिंग उलटत नाही. हवा गेली तर व्हॉल्व्ह बंदच होईल. सिग्नलची तार तुटली तर मात्र उलटवलेला ॲनालॉग पोझिशनर 4 मिलिॲम्पियरच्याही खालचा सिग्नल बघून पूर्ण हवा देईल आणि स्टीम व्हॉल्व्ह सताड उघडेल. डिजिटल पोझिशनर पॉवर गेल्यावर काय करतो ते त्याच्या बनावटीवर आणि सेटिंगवर ठरतं, म्हणून त्याचं माहितीपुस्तक काढून वाचायला हवं.

शेवटी स्टीमचा हातव्हॉल्व्ह बंद ठेवून दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघा. व्हॉल्व्ह 50 टक्क्यांवर आणा, पोझिशनरची सप्लाय एअर तोडा: स्टेम सीटवर बसला पाहिजे. हवा परत द्या, पुन्हा 50 वर आणा, आता फक्त सिग्नलची तार काढा: तेव्हाही सीटवरच बसला पाहिजे. दोन्हींचं उत्तर एकच आलं की पी अँड आयडी आणि लूप ड्रॉइंगमध्ये फेल क्लोज आणि कंट्रोलर रिव्हर्स अशी दुरुस्ती करून घ्या.